'समान' की 'एकरूप'? भाषणातला एक शब्द अडला आहे

नेत्रा : आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत "स्वतंत्र व्यक्तिगत कायद्यांच्या जागी समान नागरी कायदा यावा" या ठरावाच्या बाजूने मला बोलायचे आहे. माझ्या मसुद्यातील 'समान' हा शब्द आमच्या सरांनी खोडून तेथे 'एकरूप' लिहिले. वर्तमानपत्रांत मी नेहमी 'समान'च वाचत आले आहे. कोणता शब्द ठेवावा?

जुना वकील : सरांचे बरोबर आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद ४४ मध्ये 'एकरूप नागरी संहिता' असे शब्द आहेत. समानता हा अनुच्छेद १४ चा विषय आहे. उद्या सर्वच धर्मांतील मुलींना मुलांच्या निम्मा वाटा देणारा कायदा झाला, तर तो एकरूप असेल, पण समान नसेल. तुम्ही 'समान' म्हणालात, की प्रतिपक्ष नेमका हाच दाखला देईल.

भाषाप्रेमी : माझा आक्षेप 'कायदा' या अरबी शब्दावर आहे. 'संहिता' म्हणावे. 'सं' आणि 'हित' मिळून झालेला हा शब्द सर्वांचे हित सांगतो, आणि ठरावाचा गाभाही तोच आहे.

जुना वकील : त्यातले 'हित' कल्याणाचे नव्हे. ते 'धा' धातूचे रूप आहे. संहिता म्हणजे एकत्र ठेवलेले. आणि 'कायदा' परका म्हणून टाकायचा, तर 'वकील' आणि 'दावा' यांनाही निरोप द्यावा लागेल.

मांडवीकाठ : आमच्याकडे, गोव्यात, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे वडिलांनी वडिलोपार्जित भाट विकले तेव्हा आईच्या सहीवाचून खरेदीखत झाले नाही. मला तरी हाच समान कायदा वाटतो.

जुना वकील : तुमचे अर्धे खरे आहे. पत्नीच्या सहीचा नियम सर्व धर्मांना लागू आहे, हे भाषणात अवश्य यावे. मात्र १८८० च्या हुकुमाने तेथील हिंदू पुरुषाला, पत्नीला विशिष्ट वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर, अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा दिली होती. म्हणजे ज्याला आपण एकरूपतेचा नमुना म्हणतो, तोही पुरता एकरूप नाही. उत्तराखंडच्या २०२४ च्या कायद्यातूनही अनुसूचित जमाती वगळल्या आहेत, हेही लक्षात असू द्या.

भाषाप्रेमी : मग त्याला 'बहुतांशी एकरूप' म्हणा!

नेत्रा : परीक्षक हसतील. सभागृहाला 'समान' लगेच कळतो आणि 'एकरूप' म्हटले की वेशभूषा आठवते, ही माझी अडचण तशीच आहे. सुरुवातीला 'समान' वापरून पुढे दोन्हींतला फरक मी स्वतःच सांगितला, तर चालेल का?

मांडवीकाठ : चालेल. पण 'व्यक्तिगत कायदा' खटकतो. ऐकणाऱ्याला वाटेल, ज्याचा त्याचा कायदा. 'वैयक्तिक' बरा नाही का?

जुना वकील : त्यानेही तोच घोटाळा होतो. मी 'धर्मनिहाय कौटुंबिक कायदे' म्हणतो, पण त्यात जमातींच्या रूढी बसत नाहीत.