मदत हवी आहे : औशाहून संभाजीनगरला आल्यापासून मुलगी रुळत नाही, शनिवारच्या खेळण्यांचे काय करावे?

औसेकरीण
यांच्या बदलीमुळे आम्ही दिवाळीच्या सुट्टीत औशाहून छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो. मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत आहे. आजी तिकडेच आहे आणि झोपताना तिचा फोन येतो. ती शाळेच्या फाटकाशी रडू लागली, तेव्हा यांनी "रडली नाहीस तर शनिवारी खेळणे आणीन" असे कबूल केले. चार शनिवारी चार खेळणी आली. आता ती बुधवारपासूनच खेळण्याची चौकशी करते आणि सोमवारी सकाळी पोट दुखते म्हणून अंथरूण सोडत नाही. रविवारी मात्र पोट दुखत नाही. खेळणी एकदम बंद करावीत का, आणि त्यांच्या जागी काय ठेवावे?

सायकलवाला बाबा
आमच्या बारा वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन दिली आणि आठ दिवसांत त्याला मित्र मिळाले. थोडी मोठी वस्तू घ्या.

औसेकरीण
दादा, तिला वस्तू कमी पडत नाहीत, हीच तर अडचण आहे.

निवृत्त बाई
मी तीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. न रडण्याचे बक्षीस ठेवले की रडू दाबले जाते आणि ते पोटदुखीच्या वाटेने बाहेर येते. खेळणे एकदम तोडू नका. "शनिवारी बाबांबरोबर बाहेर जायचे, मग आठवडा कसाही गेलेला असो" असे ठरवा, म्हणजे अट सुटेल. फाटकाशी निरोप रोज एकाच जागी, त्याच शब्दांत आणि मिनिटभरात उरका, "दुसरा डबा खाऊन झाला की मी इथेच" असे तिला कळेल अशा भाषेत सांगा, आणि दिलेली वेळ चुकवू नका. आजीच्या जुन्या लुगड्याचा रुमालाएवढा तुकडा दप्तरात राहू द्या. पहिले काही दिवस रडणे वाढेल. तेवढ्यावरून पद्धत बदलू नका. पोट सुट्टीतही दुखू लागले किंवा जेवण-झोप तुटली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

परभणीकर
आजीचा फोन काही दिवस बंद ठेवा. आठवण निघाली नाही की मूल लवकर रुळते.

निवृत्त बाई
झोपताना फोन नको, हे तुमचे बरोबर आहे, कारण मूल रडतच झोपते. पण फोन बंद केला तर आजी रागावली असेच तिला वाटेल. संध्याकाळी ठरलेल्या वेळी बोलू द्या. आणि ताई, येळवस जवळ आली आहे. तिकडे तो दिवस शेतात जातो, इथे शेजाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसेल. भज्जी आणि आंबील घरी करा आणि मजल्यावरच्या दोन घरी तिच्याच हातून द्या. आजवर तिने नुसते घेतलेच आहे.

औसेकरीण
आंबील ढवळायला ती आतापासूनच तयार आहे, आणि निरोपाचे उद्यापासून करते. पण सासूबाई येळवसीला शेतावरच या म्हणतात. तिला तिकडे नेले तर परतताना पुन्हा तोच आकांत होईल, ही भीती वाटते.

निवृत्त बाई
याचे नक्की उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या वर्गात जाऊन आलेली काही मुले निवांत झाली, काही पुन्हा आठवडाभर रडली.

परभणीकर
गेलात तर शनिवारी परता, म्हणजे मध्ये एक दिवस मिळेल.