दूध डेअरीच्या बिलाचा हिशोब लागत नाहीये, मदत हवी आहे (लवकर सांगा)

रेश्मा_कांजूर
सासूबाई गावी असतात, डेअरीला दूध घालतात. दहा दिवसांचं बिल आलं, त्याचा फोटो पाठवलाय त्यांनी. दूध 104.5 लिटर, फॅट सरासरी 3.9, दर 32. म्हणजे 3344 रुपये व्हायला हवेत. हातात आले 1223. दोन हजाराच्या वर पैसे गेले कुठे? मामंजी होते तेव्हा तेच सगळं बघायचे, आता आईंना कोणी नीट सांगत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो सचिवाला फोन कर. सचिव फोन उचलत नाही. कोणाला कळत असेल तर आजच सांगा, उद्या सकाळी आई दूध घालायला जातील तेव्हा विचारतील.

पाटलांचा_धाकटा
गाय की म्हैस?

गोट्या_घाटकोपर
हे काय नवीन आहे का. डेअरीवाले सगळे असेच. दुधाचा धंदा करावा तर मुंबईत. आमच्याकडे पिशवी किती रुपयांना मिळते ते बघा आणि शेतकऱ्याला किती देतात ते बघा.

अण्णा_जोगेश्वरी
सोपं आहे ताई. फॅटला 7 ने गुणायचं. 6 फॅट असेल तर 42 रुपये दर. आमच्या तबेल्यात वडील असंच काढायचे. तुमची 3.9 म्हणजे 27 रुपये 30 पैसे. 32 लावलाय म्हणजे उलट जास्तच दिलेत.

पाटलांचा_धाकटा
अण्णा, ते म्हशीचं झालं. गायीच्या दुधाला असं गुणत नाहीत, बेस धरून वर-खाली करतात. ताई, गाय की म्हैस ते सांगा. एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचा, रकाना कुठेय? आणि बिलाच्या खाली कपातीचा भाग असतो, तो फोटोत आलाय का?

रेश्मा_कांजूर
गाय. एकच आहे, जर्सी. मी म्हटलं दूध म्हटल्यावर कळेल. फोटो अर्धाच आला होता, आईंचा अंगठा मधे होता. परत मागवला. खाली लिहिलंय: एकूण रक्कम 3236.20. पशुखाद्य 1550. ठेव 52.25. मा.बा. 410. निव्वळ 1223.95. मा.बा. म्हणजे महिला बचत का? आई कुठल्याच बचत गटात नाहीत.

सोनचाफा
माबा म्हणजे मागील बाकी. 😀 खाद्याचं पोतं 1550 ला मिळतं का आता? आमच्याकडे अजून महाग आहे. कुठल्या कंपनीचं घेतात?

मंडईतला_नाना
मी वीस वर्षं एका संस्थेत टेस्टर होतो, आता मुलाकडे मुलुंडला असतो. ताई, तुमचे दोन वेगवेगळे प्रश्न एकात मिसळलेत. 3344 आणि 3236 यातला फरक दराचा आहे. 3236 आणि 1223 यातला फरक कपातीचा. 1550, 52.25 आणि 410 मिळून 2012.25 होतात, ते 3236.20 मधून वजा केले की 1223.95. बिलाची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. कपात खरी आहे का, तो प्रश्न वेगळा.

दराकडे आधी बघू. सरासरी फॅटला सरासरी दर लावून हिशोब कधीच जुळणार नाही, कारण दर प्रत्येक वेळचा वेगळा निघतो. सकाळ-संध्याकाळच्या छोट्या पावत्या असतील तर त्यातल्या एका दिवसाच्या दोन्ही टाका. आणि डेअरीत भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, त्यावर 3.5/8.5 ला, म्हणजे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला किती आणि पॉइंटला, म्हणजे 0.1 ला किती कमी-जास्त, ते आईंना वाचायला सांगा.

गोट्या_घाटकोपर
आणि काट्याचं काय? तिथेच तर मारतात.

रेश्मा_कांजूर
आई म्हणाल्याच होत्या. काट्यावर 6.6 दिसतं आणि पावतीवर 6.4 येतं. रोज दोन वेळा असं केलं तर महिन्याला किती झालं!!

दरपत्रक शेजारच्या मुलाकडून काढून घेतलं: 3.5/8.5 ला 32 रुपये. फॅटला पॉइंटमागे 30 पैसे वर-खाली. एसएनएफ 8.2 पर्यंत पॉइंटला 30 पैसे कमी, त्याच्या खाली पॉइंटला 1 रुपया.

पावत्या: सकाळ 6.4 लि., फॅट 3.8, एसएनएफ 8.1, दर 31.00, रक्कम 198.40. संध्याकाळ 4.2 लि., फॅट 4.1, एसएनएफ 8.0, दर 30.90, रक्कम 129.78.

हे बघा, संध्याकाळी फॅट जास्त आणि दर कमी! आता बोला.

गोट्या_घाटकोपर
झालं, पकडले. वैधमापनवाल्यांकडे तक्रार टाका.

मंडईतला_नाना
थांबा हो. काट्यावर दिसतं ते किलो, पावतीवर येतं ते लिटर. दूध पाण्यापेक्षा जड, लिटरभर दूध साधारण 1.03 किलो भरतं. 6.6 ला 1.03 ने भागा, 6.4 येतं. दर लिटरचा आहे, तेव्हा लिटरच धरायला हवेत. आईंना काट्यावर 'kg' लिहिलंय का तेवढं बघायला सांगा. काट्यावर लिटरच दिसत असतील आणि तरी 6.6 चे 6.4 होत असतील, तर मात्र गोट्याभाऊंचं बरोबर.

आता सकाळची पावती. फॅट 3.8, बेसपेक्षा 3 पॉइंट वर, म्हणून 90 पैसे वाढले. 32.90. एसएनएफ 8.1 आहे. 8.5 वरून 8.2 पर्यंत तीन पॉइंट, 90 पैसे गेले. 8.2 वरून 8.1 ला आलं, तो एकच पॉइंट, पण त्याचा 1 रुपया. एकूण 1.90 गेले, राहिले 31.00. संध्याकाळी फॅट 4.1, म्हणजे 1.80 वाढून 33.80. एसएनएफ 8.0, 90 पैसे अधिक 2 रुपये, 2.90 गेले. 30.90. मशीनने दर बरोबर काढलाय. फॅटने दिलं ते एसएनएफने नेलं, वर थोडं पदरचंही नेलं.

पाटलांचा_धाकटा
नाना, पण मशीनच एसएनएफ कमी दाखवत असेल तर? आमच्या गावात एकाने तेच दूध दोन डेअऱ्यांत नेलं, 2 पॉइंटचा फरक आला. सेटिंग करून ठेवतात.

मंडईतला_नाना
असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण एका गायीच्या पावतीवरून ते कळत नाही. आईंच्या मागेपुढे रांगेत असलेल्या दोघा-तिघांच्या त्याच वेळच्या गायीच्या पावत्या बघा. सगळ्यांचंच एसएनएफ संध्याकाळी खाली आलं असेल, तर मशीनकडे बोट दाखवा. बाकीच्यांचं 8.4, 8.5 आणि आईंचंच 8.0, तर गोठ्यात बघायला हवं.

संध्याकाळी फॅट जास्त यात काही घोळ नाही. सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंत मधला वेळ कमी, दूध कमी, फॅट जास्त. एसएनएफ कमी असायला मात्र कारण लागतं. नुसता कडबा टाकतात का? हिरवं मिळतं का? आणि एक विचारतो, राग मानू नका, किटली धुऊन लगेच त्यातच धार काढतात का?

रेश्मा_कांजूर
आई पाणी घालत नाहीत!! हे लिहायची गरज होती का?

मंडईतला_नाना
घालतात असं म्हणालो नाही. किटली उपडी न घालता तशीच घेतली तर तळाशी पाणी राहतं. 4.2 लिटरमध्ये 100 मिली, म्हणजे साधा अर्धा ग्लास. 8.2 चं एसएनएफ तेवढ्याने 8.0 वर येतं. तुमच्या दरपत्रकात नेमकं तिथेच पॉइंटला रुपया आहे. दोन पॉइंटचे दोन रुपये, 4.2 लिटरला 8 रुपये 40 पैसे एका वेळेचे. फॅटही त्याने पॉइंटभर उतरते, पण ती आधीच जास्त असल्याने लक्षात येत नाही. आम्ही नवीन माणसाला पहिलं हेच सांगायचो: किटली रात्री धुऊन खुंटीला उलटी टांगा.

अण्णा_जोगेश्वरी
नाना, आमच्या तबेल्यात तर वासराला आधी सोडायचे आणि शेवटी पुन्हा. शेवटचं दूध वासराला गेलं की फॅट जाते. तेच झालं असणार.

मंडईतला_नाना
शेवटच्या धारेत फॅट असते हे खरं, पण यांची फॅट चांगलीच आहे हो.

सोनचाफा
अनुदानाचं कोणी बोललं नाही. 2024 ला सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये दिले होते. ते बिलात दिसत नव्हतं, थेट बँकेत यायचं. कानात बिल्ला आहे ना गायीच्या? माझ्या मावशीचं आधार जोडलं नव्हतं म्हणून अडकलं होतं. मावशीचं अजून एक, त्यांच्या डेअरीत दिवाळीला...

पाटलांचा_धाकटा
सोनचाफा, तो वेगळा धागा काढा.
रेश्माताई, ठेवीचे 52.25 म्हणजे 104.5 लिटरला 50 पैशांनी. हे बहुतेक दिवाळीला परत मिळतात. पासबुकात चढतात का बघा. खाद्य खरंच घेतलं का? मा.बा. चे 410 कुठून आले?

रेश्मा_कांजूर
पोतं घेतलंय, एक. ठेवीचं पासबुक मामंजींच्या नावावर आहे, आता काय ते माहीत नाही. 410 चं आईंना काहीच आठवत नाही.

मंडईतला_नाना
याच्या आधीचं बिल काढा. त्यात खालचा आकडा काय आहे? मागील बाकी राहते ती कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त झाली तर. म्हणजे आधीच्या बिलात निव्वळ शून्य असायला हवं, किंवा बाकी लिहिलेली हवी. आधीच्या बिलात आईंना पैसे मिळाले असतील, तर 410 ची नोंद दाखवा म्हणून बसायचं. बिलं दोन्ही शेजारी ठेवून विचारायचं, तोंडी नाही.

गोट्या_घाटकोपर
मी सुरुवातीलाच म्हणालो होतो.

पाटलांचा_धाकटा
तुम्ही काट्याचं म्हणाला होता.

रेश्मा_कांजूर
आत्ता आईंशी बोलले. आधीचं बिल देवघराच्या फळीवर होतं. त्यात निव्वळ 640 आहे आणि ते हातात मिळालेत. बाकी-बिकी काही लिहिलेलं नाही. पण नंतर म्हणाल्या, मामंजींच्या वर्षश्राद्धाला सचिवांच्या मुलाकडून काहीतरी उचल घेतली होती बहुतेक, किती ते आठवत नाही. सही केली का विचारलं तर अंगठा दिला म्हणाल्या.

किटली विचारली. धुऊन तशीच चुलीशेजारी ठेवतात, उभी. नाना, रागाने लिहिलं त्याबद्दल सॉरी. उद्या उलटी टांगतील आणि संध्याकाळची पावती पाठवतील. शेजारच्या काकींची पण मागितली आहे. उचलीची वही दाखवा म्हणून नवऱ्यालाच फोन करायला लावते आता.

अण्णा_जोगेश्वरी
ताई, म्हैस घ्या. एसएनएफची कटकट नाही.

मंडईतला_नाना
अण्णा, म्हशीलाही एसएनएफ बघतात. बेस 9.0.