ढोलांचे पैसे जाईनात, कार्डच अडवलंय

प्रेषक: प्राजक्ता
मंडळी, गणपतीच्या मिरवणुकीसाठी पुण्याहून १२ ढोल, ४ ताशे मागवायचं ठरलं होतं. पॅकिंग आणि विमानाचं भाडं धरून १,८६,००० रुपये, म्हणजे साधारण २,१५० डॉलर. दुकानदारांनी पेमेंटची लिंक पाठवली. तिकडे दुकान उघडेपर्यंत थांबले, म्हणजे आपल्याकडे अमेरिकेत गुरुवारची रात्र. कार्ड चालतंय का बघायला आधी १०० रुपयांची लिंक मागवली. ते पैसे लगेच गेले. दहा मिनिटांनी पूर्ण रक्कम भरली तर 'नाकारलं'. पुन्हा दोनदा भरून बघितलं. मग दुकानदारांना ६२,००० च्या तीन लिंका करायला लावल्या. पहिलीच अडली. शेवटी ह्यांचं कार्ड टाकलं, तेही नाही!

सकाळी फोन बघते तर बँकेचा मेसेज: ६२,००० चा व्यवहार तुमचाच का? मी YES पाठवलं, 'धन्यवाद' आलं. मला वाटलं झालं काम. दुकानदार म्हणतात, एक रुपया आलेला नाही. आता काय करू?

प्रेषक: शिरीषकाका
प्राजक्ता, बँकेला आधी कळवायला हवं होतंस. मी भारतात जाताना दर वेळी प्रवासाची सूचना देतो, वीस वर्षांत एकदाही कार्ड अडलेलं नाही. भारताचं नाव दिसलं की ह्यांची यंत्रणा घाबरते, बाकी काही नाही.

प्रेषक: विनायक
परदेशी व्यवहारावर ३ टक्के लावणारं कार्ड वापरू नका. आमच्याकडे एक पैसाही न लावणारं आहे, हवं तर नाव सांगतो.

प्रेषक: केदार
विनायक, तिचा प्रश्न शुल्काचा नाही रे. पैसे गेलेच नाहीत तर शुल्क कशावर लागणार?

प्राजक्ता, मी एका बँकेत ह्याच कामात आहे (तुझी बँक नाही). रात्री तू जे जे केलंस ते आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. राग मानू नकोस.

ढोल बँकेला दिसत नाहीत. दिसतं ते मुख्यतः एवढं: गेटवेने, म्हणजे दुकानासाठी कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीने, पाठवलेलं एक आखूड नाव (बरेचदा दुकानाच्या पाटीवरचं नसतंच, मालकाच्या फर्मचं असतं), धंद्याचा चार आकडी क्रमांक, देश, रक्कम, वेळ, आणि कार्ड हातात नसून नंबर टाइप केलाय ही गोष्ट. त्यावरून यंत्र सेकंदाच्या आत संशयाचे गुण देतं आणि हो-नाही ठरतं. त्या क्षणी माणूस कोणी बघत नाही.

आता चोराचा शिरस्ता बघ. चोरलेले नंबर हातात आले की कोणता जिवंत आहे हे तो आधी चिल्लर रक्कम टाकून तपासतो. चालला की थोड्याच वेळात मोठी रक्कम. अडली तर पुन्हा, मग तुकडे करून, मग दुसरं कार्ड. आणि हे सगळं कार्डवाला झोपलेला असताना. तू १०० रुपयांपासून ह्यांच्या कार्डापर्यंत ओळीने तेच केलंस, रात्री बारानंतर! त्यामुळे शिरीषकाका, एकट्या भारताचा दोष नाही. १०० रुपये भारतातच गेले की.

आता YES चं. नाकारलेला व्यवहार तिथेच संपतो. तुझ्या YES ने तो उठून पुढे जात नाही. 'हे माझंच होतं' एवढीच नोंद होते आणि कार्डावरची आडकाठी निघते. पैसे तुलाच पुन्हा भरावे लागतात. शिवाय मेसेज ६२,००० बद्दल होता. १,८६,००० पुन्हा अडणार नाहीत ह्याची खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन कर आणि तीन गोष्टी विचार: कार्ड बंद आहे की फक्त व्यवहार अडलाय? ह्या दुकानासाठी, ह्या रकमेला मोकळीक देता येईल का? ती किती वाजेपर्यंत? मोकळीक मिळाल्यावर नवी लिंक घे, जुनीवर पुन्हा पुन्हा टिचकी नको. रक्कम तीच, फोन तोच, व्हीपीएन असेल तर बंद. आणि एकदाच भर.

ह्यांच्या कार्डाचं कोडं वेगळं असू शकतं. त्यांच्या बँकेच्या ॲपमध्ये नाकारल्याची नोंद किंवा मेसेज आहे का?

प्रेषक: प्राजक्ता
नाही. ॲपमध्ये काहीच नाही, मेसेजही नाही. त्यांनी बँकेला फोन केला तर त्या बाई म्हणाल्या, आमच्यापर्यंत असा व्यवहार आलेलाच नाही.

प्रेषक: केदार
मग ते बँकेने अडवलेलंच नाही. दुकानाच्या गेटवेने दारातूनच परत पाठवलं असणार. एकाच फोनवरून इतके प्रयत्न, वर नवं कार्ड. त्यांचीही स्वतःची चाळणी असते. तिथे बँकेशी हुज्जत घालून उपयोग नाही, दुकानदारालाच गेटवेच्या लोकांशी बोलावं लागतं. 'नाकारलं' हा शब्द स्क्रीनवर दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून आधी विचारायचं की विनंती बँकेपर्यंत पोचली होती का.

प्रेषक: सुहासिनी
माझं जरा वेगळं झालं होतं. डिसेंबरात पुण्यात सराफाकडे बसले होते, लेकीच्या बांगड्या पसंत केल्या, कार्ड लावलं आणि अडलं. दुकानात दहा माणसं बघतायत! बँकेने मेसेज पाठवला होता म्हणे, पण माझं अमेरिकेचं सिम पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं. फोनमध्ये भारतातलं सिम. शेवटी दिराने पैसे भरले. शिरीषभाऊजी, प्रवासाची सूचना मी दिली होती हो.

प्रेषक: शिरीषकाका
मग तुमच्या बँकेने ती वाचली नसेल.

प्रेषक: केदार
काका, खरंच तसं असतं. फोनवर सांगितलेली सूचना कित्येकदा नुसता शेरा म्हणून खात्यावर राहते, गुण देणारं यंत्र तो वाचतच नाही. काही बँकांनी तर प्रवासाची सूचना घेणंच बंद केलंय. काही बँका मात्र खरोखर काही तास दार उघडं ठेवतात. म्हणून 'नोंद केली' एवढ्यावर फोन ठेवायचा नाही. सुहासिनीताई, तुमचं सिम फोनमध्ये असतं आणि वाय-फाय कॉलिंग चालू असतं तर तिथल्या तिथे YES पाठवून पुन्हा कार्ड लावता आलं असतं. नाहीतर बँकेच्या ॲपची सूचना चालू ठेवा, ती कुठल्याही सिमवर येते.

एक सावधगिरी. असले मेसेज ठकही पाठवतात, आणि YES-NO नंतर 'बँकेतून बोलतोय' म्हणून फोन करून मेसेजवर आलेला कोड मागतात. खरी बँक फोन करून तुमच्याकडून तो कोड काढून घेत नाही. शंका आली की फोन ठेवून स्वतः कार्डामागचा नंबर लावायचा.

प्रेषक: प्राजक्ता
झालं एकदाचं! पंचवीस मिनिटं बँकेचं संगीत ऐकलं. पहिला मुलगा 'आता काही अडचण नाही' म्हणून फोन ठेवत होता. मी केदारचे तीन प्रश्न वाचून दाखवले तेव्हा त्याने फ्रॉडवाल्यांकडे जोडून दिलं. तिथल्या बाईंना दुकानाचं नाव सांगितलं तर त्यांच्याकडे भलतंच नाव होतं, दुकानदारांच्या वडिलांच्या फर्मचं. रक्कम जुळल्यावर पटलं. ॲपवर आलेला होकार दाबला, मग त्यांनी २४ तासांची मोकळीक दिली. रात्री दुकान उघडताच नवी लिंक घेतली आणि एका फटक्यात १,८६,००० गेले. पुढच्या वर्षी हेच करून चालेल का, असं विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही, तेव्हा पुन्हा फोन करा.

ह्यांचं कार्ड त्या गेटवेवर चालेल की नाही ते कळलं नाही. आता बघायची हिंमतही नाही.

प्रेषक: विनायक
अभिनंदन. आणि ३ टक्के लागले का?

प्रेषक: प्राजक्ता
अजून 'पेंडिंग' दिसतंय. लागले तर साधारण ६५ डॉलर होतात. खजिनदार, ते मंडळ देणार की मी?