आपट्याची फांदी तोडायची नाही, तर दसऱ्याला सोनं कशाचं लुटायचं?

नाल्याकाठचा (यवतमाळ जिल्हा)
आमच्या गावाच्या पूर्वेला नाल्यावर आपट्याची तीनच झाडं उरली. दरवर्षी पोट्टे फांद्या मोडून भारे आणतात. यंदा ग्रामसभेत ठराव येतोय : फांदी तोडायची नाही, सोनं म्हणून कांचनाची नाहीतर कागदाची पानं वाटायची. म्हातारी मंडळी म्हणतात, रीत बुडवता काय? इथल्या लोकांचं काय म्हणणं आहे?

गंजीवाला
ठराव पाडा. वर्षातून एक दिवस झाडाले हात लागते, त्याच्यानं झाड मरत नाही. बकऱ्या वर्षभर ओरबाडतात तेव्हा ठराव काहून नाही येत? रघुराजाच्या वेळी कुबेरानं आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, म्हणून त्याच पानाले मान हाय. कागदाचं सोनं देऊन म्हाताऱ्याच्या पाया पडाल त तो म्हणन, बाबू, हे बिल आहे का?

निवृत्त वनरक्षक
गंजीवाले भाऊ अर्धं बरोबर बोलले. पान तोडल्यानं आपटा मरत नाही. बुडापासून तोडला तरी फुटवा धरणारं झाड आहे ते, आणि पानं तशीही उन्हाळ्याच्या तोंडी गळणारच असतात. प्रश्न पानाचा नाहीच, पान कसं काढलं त्याचा आहे.

पोरगं फांदीला लोंबकळतं, फांदी कडकन मोडते, पण सुटत नाही. मग ते तिला पिळून खाली ओढतं. त्यासोबत खोडाची साल हातभर सोलून निघते. आपट्याची साल इतकी चिवट की पूर्वी तिचे दोर वळायचे, म्हणूनच ती तुटण्याऐवजी लांब सोलत जाते. त्या उघड्या लाकडात पाणी मुरतं, वाळवी लागते आणि तीन-चार वर्षांनी खोड आतून पोकळ होतं. तुमच्या तीन झाडांना टोकदार काडीनं टोचून पाहा. जुन्या जखमेत काडी सहज आत गेली तर लाकूड आत कुजलंय. टणक लागली तर झाड सावरलंय.

दुसरं नुकसान दिसत नाही म्हणून मोठं. नाल्याकडेला कमरेएवढी रोपं उगवलेली असतात. उंच फांदीला हात पोचत नाही म्हणून लहान पोरं त्यांचेच शेंडे खुडतात. झाडं तीनच का उरली, त्याचं उत्तर बहुतेक तिथं आहे.

कांचनाचं म्हणाल तर ते सोनं नव्हे, सोन्याचा मुलामा. दोन्ही पानं मधून चिरलेली असतात म्हणून लोक फसतात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाड, हाताला खरखरीत. कांचनाचं त्याच्या दुपटीहून मोठं, पातळ, मऊ. सकाळी तोडलेलं कांचन संध्याकाळपर्यंत फडक्यासारखं लुळं पडतं, आपट्याचं पान खिशात राहिलं तरी दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी ताठ. शहरात हातगाडीवर जे आपटा म्हणून विकतात, त्यातलं बरंच कांचन असतं. बागेतल्या झाडाची पानं काढायला माझी ना नाही, पण त्याला आपटा म्हणू नका.

जोश्यांची लेक
माझे वडील आमच्या गावचं शिलंगणाचं पूजन सांगायचे, त्या आठवणीवर लिहिते. मूळ पूजा शमीची आहे, म्हणजे आपल्याकडची सौंदड. पांडवांनी विराटाकडे जाताना शस्त्रं शमीवर ठेवली, ते हेच झाड. धर्मसिंधूत गावाबाहेर ईशान्येला जाऊन शमी पुजायला सांगितलंय आणि शमी नसेल तर अश्मंतक, म्हणजे आपटा. म्हणजे आपटा हा बदलीवर आलेला माणूस. तो कायम झाला आणि मूळचा विसरला गेला.

आणि घरी काय आणायचं? 'गृहीत्वा साक्षतामार्द्रां शमीमूलगतां मृदम्'. झाडाच्या बुडाची ओली माती, अक्षतांसह. पानाचं त्यात नावही नाही! वडील बुडाशी पाणी घालायचे, तांदूळ वाहायचे आणि चिमूटभर चिखल सुपारीसोबत रुमालात बांधून वाजतगाजत आणायचे. तो देव्हाऱ्यात ठेवला की आमचा दसरा झाला.

गंजीवाले, कुबेराची गोष्ट कालिदासाच्या रघुवंशात आहे खरी. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी 14 कोटी मुद्रा हव्या होत्या. पण तिथं सोनं पडतं राजाच्या कोषगृहात. आपट्याच्या झाडावर ते पडतं लोकांच्या सांगण्यात.

गंजीवाला
मग पान वाटणंच बंद करा म्हणता का ताई? चिखल हातावर ठेवून 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणता येते का?

जोश्यांची लेक
बंद करा असं म्हटलं नाही. पूजेला फांदी लागत नाही एवढंच सांगितलं. पान वाटणं ही लोकांची रीत आहे, ती मला पोथीइतकीच खरी वाटते. वर्षभर न बोलणारे भाऊ दसऱ्याच्या संध्याकाळी पान घेऊन दारात उभे राहिलेले मी पाहिलेत.

ट्रॅक्टर नंबर दोन
आमच्याकडे झाडाचा नाही, मशीनचा वांधा आहे. माझा भाड्याचा थ्रेशर. दसरा म्हणजे सोयाबीनचा ऐन सीझन, गंज्या वावरात झाकून पडलेल्या, वर आभाळ. म्हातारा म्हणते, दसऱ्याले अवजार पुजलं की त्या दिवशी चालवाचं नाही. ज्याची गंजी ओली होणार, त्याले मी काय सांगू?

मागच्या साली सकाळी घाईत पूजा केली. पोराने बोअरच्या मोटरच्या स्टार्टर पेटीवर तांब्याभर पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं. बटन दाबलं त आतून चरचर आवाज आला आणि लाईट गेली. वायरमननं पेटी उघडून उन्हात वाळवली, दीड दिवस गेला. तेव्हापासून मोटरले फक्त झाकणावर कोरडं कुंकू आणि झेंडूचा हार, तोही पंख्याच्या जाळीपासून दूर. ट्रॅक्टरवर नारळ फोडतो ते पुढच्या लोखंडावर. बॅटरीवर पाणी नाही.

निवृत्त वनरक्षक
विषय झाडाचा होता, पण मोटरचं सांगितलं ते बरं झालं. आमच्या घरी अवजारं नवमीला पुजतात, खंडेनवमी. विळे, पावशी, कुऱ्हाड, डवऱ्याची फास धुऊन मांडतात आणि दसऱ्याला सकाळी उचलतात. थ्रेशर नवमीच्या रात्री पुजून दसऱ्याला सकाळी काढला तर वडिलांचंही राहील आणि गंजीही वाचेल. बघा विचारून.

दुकान टाकतो
माझाही प्रश्न घ्या. दसरा साडेतीन मुहूर्तातला अर्धा ना? कृषी केंद्राचं शटर त्या दिवशी उघडायचंय. अर्धा मुहूर्त असेल तर दुकानही अर्धंच चालेल काय?

जोश्यांची लेक
पाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण. अर्धा तो दिवाळीचा पाडवा. काही ठिकाणी उलट मोजतात, त्यावरून वडिलांची दोन लोकांशी कट्टी होती. दुकान चालणं उधारीवर अवलंबून आहे, मुहूर्तावर नाही.

गंजीवाला
मुहूर्ताचं निघालंच त आपबीती सांगतो. बाजारात नव्या मालाचा मुहूर्त असते, पहिल्या गाडीवाल्याले हार, शेला आणि चढा भाव. त्यासाठी मी गंजी अर्धी वाळली असतानाच मळली आणि 14 पोते घेऊन पहाटे निघालो. माझ्या पुढं दोन गाड्या. चढा भाव पहिल्या गाडीपुरता, हार तिच्याच मालकाले. आपल्या मालात मशीननं ओलावा दाखवला 17, सरकारी खरेदीची हद्द 12 ची. व्यापाऱ्यानं जे कापलं, त्यात घरी चार दिवस ताडपत्रीवर वाळवणं परवडलं असतं. आता दाणा दाताखाली ठेवून पाहतो. कट्टकन फुटला त गाडी भरतो, दाताचा वळ उमटला त अजून ऊन दाखवतो. मुहूर्त पायजे त पायलीभर न्या, देवापुढं ठेवा. गाडीभर नेऊ नका.

हिरवी_वही
मी नर्सरीतून शमी आणून अंगणात लावली. यंदा तिची पूजा करू आणि आपटा सोडून देऊ. सोपा उपाय.

निवृत्त वनरक्षक
ताई, फूल आलंय का? अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं, लोंबतं झुंबर असेल तर ती शमी नाही. नर्सऱ्या ते काटेरी झाड शमी म्हणून सर्रास विकतात. खऱ्या सौंदडीचा तुरा एकाच रंगाचा, फिकट पिवळा. आणि रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ शमी समजून पुजणारेही मी पाहिलेत.

हिरवी_वही
गुलाबी-पिवळंच आहे. तीन वर्षं पूजा केली हो मी त्याची!

नाल्याकाठचा
वनरक्षक काका, मग ठरावात लिहायचं काय? आमची घरं 200 च्या आसपास.

निवृत्त वनरक्षक
घरटी 20 पानं धरा, चार हजार पानं झाली. मोठ्या झाडावर त्याच्या कितीतरी पट असतात. तीनांतलं सगळ्यात थोराड झाड एका वर्षासाठी ठरवा, पुढल्या वर्षी दुसरं. आदल्या दिवशी दुपारी चार मोठी माणसं शिडी आणि टोपल्या घेऊन जातील, पान देठाशी खुडतील, फांदी वाकवणार नाहीत. दसऱ्याला पूजा बुडाशी, टोपल्या देवळात. शेंगा झाडावरच वाळून राहतात, थंडी सरली की काढा, फोडून बी गरम पाण्यात रात्रभर भिजवा, पिशवीत लावा. झाड सावकाश वाढतं, बकरीला आवडतं, म्हणून दोन पावसाळे तरी काट्यांचं कुंपण लागेल. ते कोण करणार हे ठरावात नावानिशी नसेल, तर ठराव करू नका.

गंजीवाला
देवळात टोपली ठेवली त लुटण्यातली गंमत गेली. लुटणं म्हणजे लुटणं. पोट्ट्यांनी काय रांगेत उभं राहावं, राशन दुकानासारखं?

भीमनगरातून
इतकी चर्चा झाली, एक विचारू? भांडणं मिटतात, भाऊ एकमेकांच्या दारात जातात, छान आहे. पण तुमची ती वाजतगाजत मिरवणूक आधी पाटलाच्या वाड्यावर, मग देवळात, मग बाजाराच्या रस्त्यानं. आमच्या गावातही तशीच. माझ्या आजीच्या दारात 70 वर्षांत सोनं आलं नाही. आम्हाला त्याचं दुःख नाही, 14 ऑक्टोबर 1956 ला, त्या वर्षीच्या दसऱ्याला बाबासाहेबांनी नागपुरात जे दिलं ते आमचं सोनं. पण ठराव गावाचा म्हणता, तेव्हा झाड कोणाचं आणि गाव कोणतं, हेही एका ओळीत लिहा.

गंजीवाला
हे आता कुठं नेऊन ठेवलं भाऊ. झाडाचा विषय होता.

नाल्याकाठचा
नाही, बरोबर बोलले ते. नाला त्यांच्याच वस्तीच्या मागं आहे, आणि झाडांना पाणी त्यांच्याच पोरांनी उन्हाळ्यात घातलंय, हे मी लिहायचं राहिलं. फांद्यांचा ठराव मांडतोच, पानं खुडायची माणसं नावानिशी लिहितो. मिरवणूक वस्तीतून न्यायचं बोललो तर चार जण उठून जातील. तरी बोलून पाहतो.

भीमनगरातून
बोला. पण आमची निम्मी वस्ती त्या दिवशी दीक्षाभूमीवर असते, मागं म्हाताऱ्या तेवढ्या उरतात. मिरवणूक ठरवण्याआधी त्यांना विचारून घ्या, हवी का ते.