क्लॅरिथ्रोमायसिन आणि अल्प्राझोलम

«क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स संपला, तरी आईची गुंगी का उतरत नाही? झोपेची गोळी तर नेहमीचीच आहे.»

गोळी तीच असली तरी रक्तातलं प्रमाण तेच राहत नाही. आईच्या झोपेच्या गोळीतल्या अल्प्राझोलमला यकृतातलं CYP3A4 हे एन्झाइम मोडतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्या एन्झाइमला कायमचं निकामी करतं. त्यामुळे अँटिबायोटिक थांबलं तरी शरीर नवं एन्झाइम बनवेपर्यंत काही दिवस जातात. रोजच्या डोसवर आदल्या दिवसाचा उरलेला साठा चढतो. सकाळी बोलणं जड येणं, उठताना तोल जाणं ही त्याची खूण. वयस्कर माणसाला पडण्याचा धोका खरा आहे. इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधंही हेच एन्झाइम अडवतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र ते जवळपास अडवत नाही. गोळी एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. हाक मारूनही त्या नीट जाग्या होत नसतील, तर थेट दवाखान्यात न्या.