संक्रांतीच्या निमित्ताने जुन्या सरांना पत्र

सीमा: नमस्कार मंडळी. पुण्यात ज्या सरांकडे एम.एस्सी.चा प्रकल्प केला, त्यांच्याशी २००७ नंतर बोलणं नाही. सर निवृत्त झालेत, कॉलेजचा ईमेलही बंद. न्यू जर्सीहून संक्रांतीचं पत्र आणि पाकिटात थोडा हलवा पाठवावा म्हणते. कसं करू?

अजय: गुरूंसाठी गुरुपौर्णिमाच योग्य. आणि पत्र कशाला, सरळ फोन करा. साडेनऊ तासांचा फरक धरायचा.

विद्याताई: अजय, साडेनऊ तास उन्हाळ्यात. जानेवारीत साडेदहा होतात, म्हणजे आपल्याकडे न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजले की पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. गुरुपौर्णिमेला शिक्षकांचे फोन फुलांच्या चित्रांनी भरून जातात, त्यात जुनं नाव सहज हरवतं. शिवाय तो एकच दिवस. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, त्यामुळे पत्र उशिरा पोचलं तरी निमित्त टिकतं.

सीमा, हलवा पाकिटात घालू नकोस. इथल्या टपालात साध्या परदेशी पत्रातून फक्त कागद जातात, खाऊ घातला तर पाकीट परत येऊ शकतं. डिसेंबरच्या सुरुवातीलाच विभागाच्या कार्यालयात फोन कर. आधी सरांची तब्येत विचार. नंबर मागितलास तर बहुधा देणार नाहीत. ‘माझा नंबर सरांना कळवाल का, आणि पत्र विभागाच्या पत्त्यावर पाठवलं तर घरी पोचेल का’ असं विचार.

पत्र एकाच पानाचं, मोठ्या अक्षरात. पहिल्या दोन ओळींत माहेरचं आडनाव, वर्ष, विषय आणि प्रकल्पातला जोडीदार यायलाच हवेत, कारण लग्नानंतरच्या नावावरून सरांना काही कळणार नाही. ‘२००७ साली मुळा नदीच्या पाण्यातल्या नायट्रेटवर तुमच्याकडे काम केलं’ एवढ्यावर चेहरा आठवतो. मग त्यांनी शिकवलेली, आजही तू वापरतेस अशी एकच गोष्ट नेमकी लिही. इतकी वर्षं संपर्क नव्हता याबद्दल एकच वाक्य पुरे. लांबलचक माफी मागितली की तुझी समजूत घालायचं काम त्यांच्यावर येतं. आणि पहिल्या पत्रात शिफारस, ओळख, काहीही मागू नकोस.

नितीन: आमच्या बॅचनेही सरांचा सत्कार करायचं ठरवलंय. प्रत्येकी किती वर्गणी काढावी?

विद्याताई: नितीन, तो वेगळा विषय. सीमाला एकटीलाच बोलायचंय.

सीमा: मग तिळगूळ भावाकरवी घरी पाठवू?

विद्याताई: पत्र पोचल्यावर, आणि घरच्यांना आधी फोन करून. अनोळखी माणूस डबा घेऊन दारात आला की वयस्कर लोक बिचकतात. मधुमेहाचंही विचारून घे.

अजय: तरी मला फोनच बरा वाटतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पत्राचं उत्तर लिहायला हात साथ देत नाही.

विद्याताई: म्हणूनच सीमा, पत्रात तुझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर लिही, आणि तोवर सरांचा नंबर मिळाला असेल तर वर ‘रविवारी संध्याकाळी साडेसहाला फोन करेन, सवड नसेल तर उचलू नका’ असंही. पण फोनची तारीख पत्रानंतर किती दिवसांची द्यावी, हे टपालाच्या वेगावर आहे. मी तीन आठवडे ठेवते.

अजय: सुट्ट्यांच्या गर्दीत तीन पुरणार नाहीत. पाच ठेवा.