बनवलेल्या भाषा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग?

मिरजेचा_बंड्या:
परवा एकानं एस्पेरान्तोचं भलंमोठं कौतुक लिहिलेलं वाचलं आणि डोकंच उठलं. भाषा आईच्या तोंडून येते, वर्कशॉपात लेथवर काढता येत नाही. एवढी सोपी, अपवाद एकपण नाही म्हणे, मग १३० वर्षं झाली तरी जग का बोलंना? क्लिंगॉन, किलिकी, एस्पेरान्तो, सगळे एकाच माळेचे मणी. ज्याला पटत नाही त्यानं सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठची_आत्या:
सविस्तर पाहिजे ना, मग बसा निवांत. किलिकी मदन कार्कींनी बाहुबलीसाठी केली, पडद्यावर ऐकून अंगावर काटा आला की तिचं काम झालं. क्लिंगॉन मार्क ओक्रांडनी स्टार ट्रेकच्या सिनेमासाठी मुद्दाम वाकडी केली, कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता सगळ्यात शेवटी, कारण ती परग्रहावरची वाटायला पाहिजे होती. तिला कठीण म्हणून नावं ठेवणं म्हणजे मिसळ गोड नाही म्हणून हॉटेलवाल्याशी भांडणं. भाषा कशासाठी केली ते न बघता निकाल द्यायचा नाही.

एस्पेरान्तो कामाला लागावी म्हणून केलेली, वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. ती करणारा झामेनहोफ म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर, बालपण आताच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकमधे गेलं, तिथं पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारे एकमेकांकडं संशयानं बघत राहायचे. १८८७ ला वॉर्सात त्याची पुस्तिका निघाली, त्यात १६ नियम. नाम ओ नं संपणार, विशेषण आ नं, आणि ज्याच्यावर क्रिया होते त्याला शेवटी न लागणार. हुंदो म्हणजे कुत्रा, कातो म्हणजे मांजर. 'ला हुंदो मोर्दिस ला कातोन' म्हणा नायतर उलटं फिरवून 'ला कातोन मोर्दिस ला हुंदो' म्हणा, चावला कुत्राच. न मांजराला चिकटलाय ना.

आता गंमत बघा. मी काही वर्षं घरी हौशी पोरांना शिकवली, सगळी मराठी घरातली. हा न सगळ्यांचा गळायचा, पण वाट्टेल तिथं गळायचा नाही. माणूस किंवा जनावर असलं की बरोबर लागायचा. 'मी मांजास पानोन', मी पाव खातोय, इथं मात्र हमखास 'पानो'. कारण आपण 'सुमनला बघितलं' म्हणतो पण 'भाकरीला खाल्ली' म्हणत नाही. ही वाटणी कुणी शिकवलीय तुम्हाला? तीन वर्षांचं पोर पण 'भाकरीला खाल्ली' म्हणत नाही. मराठीचा नियम बोलणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतो आणि व्याकरणवाला मागनं येऊन लिहितो. एस्पेरान्तोत कागद आधी आला, बोलणारे मागनं आले. खरा फरक एवढाच, आई आणि लेथ वगैरे नाही.

हळदपेठेतला:
आत्या मस्त लिहिलंय. आमचे आजोबा अडतीवर होते, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागायचा नाही. म्हणजे आमच्या घराण्यात पण बनवलेली भाषा होती म्हणायची. शिवाय शाळेत च ची भाषा, 'चलाम चणीपा चदे', मास्तरांना आम्ही येडं करायचो.

कृष्णाकाठची_आत्या:
हळदवाले, गोड आठवण, पण ती भाषा नव्हे. 'मला पाणी दे' चंच मराठी आहे, नुसतं पहिलं अक्षर मागं ढकलून पुढं च लावला. 'ला' मराठीचा, 'दे' मराठीचा. नवीन शिकणाऱ्या पुष्कळांच्या भाषा अशाच असतात, शब्द बदलले आणि आतला सांगाडा आपलाच ठेवला. आणि रुमालाखाली आकडे सांगता येतात, 'काल पाऊस आला असता तर' हे बोटं दाबून सांगा बघू.

हळदपेठेतला:
आजोबा सांगायचे ओ. तुम्ही बघितलं नाही त्यांना.

वाळव्याचा_शास्त्री:
मूळ मुद्दाच कुणी घेतला नाही. जगातली पहिली आणि सर्वोत्तम बनवलेली भाषा संस्कृत आहे. पाणिनीनं जवळपास ४००० सूत्रात ती घडवली. नासानं पण मान्य केलंय की कॉम्प्युटरला हीच भाषा योग्य. युरोपातल्या डोळ्यांच्या डॉक्टरचं कौतुक आणि घरच्या माणसाला विचारत नाही, हीच आपली खोड.

कृष्णाकाठची_आत्या:
शास्त्रीबुवा, पाणिनीबद्दल आदर मलापण आहे, म्हणूनच त्याला झामेनहोफ करू नका. अष्टाध्यायीत जागोजागी 'उदीचाम्', 'प्राचाम्' येतं, म्हणजे उत्तरेकडचे असं म्हणतात, पूर्वेकडचे तसं म्हणतात. 'वा', 'विभाषा', असंही चालतं तसंही चालतं. स्वतः भाषा घडवणारा माणूस विकल्प कशाला नोंदवील? त्याला एकच रूप ठरवून मोकळं होता आलं असतं. तो लोकांच्या तोंडचं ऐकून लिहीत होता.

नासाचं म्हणाल तर रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा १९८५ चा एक लेख आहे, एआय मॅगझिनमधे छापलेला. आपले शास्त्रकार वाक्याचा अर्थ ज्या तऱ्हेनं फोडून मांडायचे ती तऱ्हा कॉम्प्युटरमधल्या मांडणीशी जुळते, असं त्यात म्हटलंय. संस्थेचा ठराव बिराव काही नाही.

वाळव्याचा_शास्त्री:
लेख आहे म्हणजे मान्यच केलंत की. आणि पाणिनीनंतर काय झालं ते सांगा ना. दोन हजार वर्षं कुणी आईकडून संस्कृत शिकलं नाही, सूत्रांवरून शिकलं. कागद आधी, बोलणारे मागनं, तुमचीच व्याख्या.

कृष्णाकाठची_आत्या:
हे मात्र तुम्ही नेमकं पकडलंत. पाणिनीनंतरची संस्कृत अर्धीमुर्धी तशीच आहे, त्यावर वाद घालत नाही. पण जन्माला घातली त्यानं नव्हे. आणि सगळ्यांनीच फक्त सूत्रांवरून शिकली हे पण सरसकट झालं.

शिराळ्याची_सूनबाई:
संस्कृतवर भांडताय सगळे, घरच्या मराठीचं काय? माझ्या पोराचे निबंधात मार्क कापले, 'बाळ रडायलंय' लिहिलं म्हणून. बाईंनी लाल पेनानं गोल केला, बाजूला 'अशुद्ध'. मी विचारायला गेले तर म्हणे घरी तुम्हीच असं बोलता म्हणून मुलं बिघडतात. अरे आमच्या चार पिढ्या रडायलंय, करायलाय, चालायलंय बोलतात, कुणी कुणाचं ऐकून गोंधळ केला नाही. मग तुमची ती 'शुद्ध' मराठी कुणी बनवली? तीच खरी फॅक्टरीतली.

मिरजेचा_बंड्या:
वैनी एक नंबर!! आमच्यात पण रडायलंयच म्हणतात.

वाळव्याचा_शास्त्री:
म्हणजे उद्या पेपरात कुणीही काहीही लिहायचं? प्रमाणभाषा नको तर सांगलीचा अर्ज नागपुरात कोण वाचणार? बाईंनी बरोबर केलं.

शिराळ्याची_सूनबाई:
अर्ज नव्हता ओ, निबंध होता, विषय 'माझे घर'. घरात बाळ रडायलंय तर पोरगं काय 'रडत आहे' म्हणणार? तुमच्या घरी रडत असेल.

कृष्णाकाठची_आत्या:
दोघं थोडं दमानं. सूनबाईंचं रूप चुकीचं नाही, त्याला नियम आहे. रडायलंय, रडायलेत, रडायलीय, लिंग वचन सगळं चोख बदलतं, कुठल्याच समितीनं न सांगता. मराठीत ठरवून केलेला भाग कुठला तर लेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ ला सरकारनं घेतले आणि 'नांव', 'घरांत' वरचे न बोलले जाणारे अनुस्वार उडाले. टिंबं गेली पण माणसं आधी बोलत होती तशीच बोलत राहिली. कागदावरची मराठी थोडी बनवलेली आहे, तोंडातली नाही. बाईंनी निबंधात मार्क कापायला नको होते असं मला वाटतं, शास्त्रीबुवांना वाटत नाही, तो वाद आज मिटायचा नाही.

कोडवाला_विटा:
मी प्रोग्रामर आहे, मला हे सगळं भावनिक वाटतंय. नॅचरल भाषा मुळातच खराब डिझाइन आहेत. लोजबान बघा, तर्कावर बेतून बनवलेली भाषा. एका वाक्याचा एकच अर्थ, संदिग्धता शून्य. 'लहान मुलींची शाळा' म्हटलं तर लहान कोण, मुली का शाळा? मराठीत कळतच नाही. लोजबानमधे हा प्रश्नच नाही. जग तिच्यावर गेलं तर कोर्टकचेऱ्या बंद पडतील.

कृष्णाकाठची_आत्या:
उदाहरण झकास, निष्कर्ष अर्धाच बरोबर. लोजबानमधे तीन शब्द ओळीनं ठेवले की पहिले दोन आधी जोडले जातात, म्हणजे लहान असणार त्या मुली. शाळा लहान करायची तर मुली आणि शाळा यांच्या मधे 'बो' घालायचा. वाक्य कसं फोडायचं ते एकदम पक्कं. पण मुलींची शाळा म्हणजे मुली शिकतात ती, मुलींनी चालवलेली ती, का मुलींची नावं दिलेली ती, हे ती भाषा मुद्दाम मोकळं सोडते. रचनेतली संदिग्धता गेली, अर्थातली राहिली. कोर्ट चालू राहील.

आणि चालवून बघितलीय का कधी? क्लामा म्हणजे जाणं, त्याला पाच जागा ठरलेल्या, कोण, कुठं, कुठून, कोणत्या वाटेनं, कशानं. मी साताऱ्याला सांगलीहून कराडमार्गे एसटीनं, असा क्रम. एका क्रियापदाचं ठीक आहे. शेकडो मूळ शब्दांना असे आपापले क्रम आहेत आणि ते पाठ करावे लागतात. नवशिके तिसऱ्या चौथ्या जागेवर अडकतात.

कोडवाला_विटा:
फंक्शनचे पॅरामीटर आम्ही पण पाठ करतोच की. सवयीचा प्रश्न आहे.

हळदपेठेतला:
तुमच्या फंक्शनला एडिटर क्रम दाखवतो भावा, आमच्या बायकोशी बोलताना कोण दाखवणार?

मिरजेचा_बंड्या:
एवढं सगळं झालं, माझ्या प्रश्नाला उत्तर कुठंय? पोरांचा न गळतो म्हणता, मग काढून टाका की तो. बनवलेली आहे ना तुमची? आमच्या मराठीतलं काही काढता येत नाही, ते मी समजू शकतो.

कृष्णाकाठची_आत्या:
काढायला निघाले होते ओ. १८९४ ला खुद्द झामेनहोफनं सुधारणा मांडल्या, न जाणार, विशेषणाचं अनेकवचन जाणार, आणि मत मागितलं. बोलणाऱ्यांनी बहुमतानं नको म्हटलं. तोवर पत्रं लिहून झालेली, कविता झालेल्या, त्या लोकांना आपली भाषा मोडायची नव्हती. १९०५ ला मूळ नियमांना हात लावायचा नाही असं ठरलंच. मग १९०७ ला काही जण फुटले आणि आयडो काढली, तिच्यात न फक्त कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच. सोपी झाली की नाही? पण बोलणारे एस्पेरान्तोपेक्षा कितीतरी कमी राहिले.

उलटं उदाहरण वोलाप्यूकचं. श्लायर नावाच्या जर्मन पाद्र्यानं १८८० च्या सुमारास काढलेली, पहिल्यांदा धूमधडाक्यात चालली, १८८९ ला पॅरिसला अख्खी परिषद तिच्यातच झाली. पण बदलाचा शेवटचा शब्द माझाच, असं श्लायर धरून बसला, अकादमीतल्या लोकांशी भांडण झालं आणि सगळं विस्कटलं. झामेनहोफनं पहिल्या पुस्तिकेतच हक्क सोडून दिला होता.

आणि तुमची आई पण आहे यात. काही घरात पोरं जन्मापासून एस्पेरान्तो बोलतात. बेंजामिन बर्गन यांनी २००१ ला अशा आठ पोरांचं बोलणं तपासलं, तर काहींचा न गळत होता आणि शब्दांचा क्रम पक्का बसत चाललेला. कागद बाजूला पडला की पोरं आपापलं करतात. आठच पोरं आहेत, त्यावरनं फार उड्या मारायच्या नाहीत.

मिरजेचा_बंड्या:
बरं, लेथवरनं निघालेली वस्तू मालकाचंच ऐकंना, एवढं मान्य. पण आयडो सोपी केली तरी लोक गेले नाहीत, म्हणजे सोपेपणावर भाषा चालत नाही. हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

कृष्णाकाठची_आत्या:
पहिल्यापासून तुम्ही लेथ म्हणत होतात. पण ते चालू दे, जगानं का नाही घेतली याचं निम्मं उत्तर तेच आहे. उरलेलं निम्मं नोकरी, व्यापार आणि सत्ता. इंग्रजी काय सोपी म्हणून शिकलात?

वाळव्याचा_शास्त्री:
संस्कृतचा मुद्दा अनुत्तरितच राहिला, नोंद असावी.